गिलाव्याला सिमेंट-वाळू किती? ओल्या घनफळावरून कोरड्या मालाचा हिशेब

गिलाव्याचा हिशेब विचारला की बहुतेक जण एकच सूत्र सांगतात: क्षेत्रफळ गुणिले जाडी म्हणजे ओले घनफळ, त्याला १.३३ ने गुणले की कोरडे घनफळ, आणि मग ते प्रमाणात वाटायचे. सूत्र चुकीचे नाही. पण हा १.३३ कुठून आला हे कळले नाही, तर एकास तीन, एकास चार, एकास सहा अशा सगळ्या प्रमाणांना तोच आकडा लावला जातो आणि हिशेब कधी कमी, कधी जास्त भरतो. शिवाय साइटवर खरा घोटाळा या आकड्यात नसतोच. तो भिंतीच्या खाचखळग्यांत आणि वाळूच्या ओलाव्यात असतो. म्हणून इथे एकच खोली घेऊन, टेप लावण्यापासून वाळूची ऑर्डर देईपर्यंत सगळा हिशेब करू.

कोरडा माल भिजल्यावर कमी का होतो

एक पेटी सिमेंट आणि सहा पेट्या कोरडी वाळू एकत्र केली की सात पेट्या माल झाला असे वाटते. पाणी घालून कालवला की तो साडेपाच-पावणेसहा पेट्याच भरतो. वाळूच्या दाण्यांमध्ये मोकळी जागा असते, बऱ्यापैकी मोठी. सिमेंट आणि पाणी मिळून होणारी लापशी त्या जागेत शिरते. पोतेभर बटाट्यांवर मूग ओतले तरी पोते जवळजवळ तेवढेच राहते, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे ओल्या मालाचे आकारमान मुख्यतः वाळूच ठरवते. सिमेंट तिच्या पोकळीत बसते.

यातूनच हिशेबाची सोपी किल्ली मिळते. एक घनमीटर तयार माल हवा असेल, तर एकास तीनपासून एकास सहापर्यंतच्या कोणत्याही प्रमाणाला कोरडी वाळू साधारण १.०७ घनमीटर लागते. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दर-पृथक्करणातही या प्रमाणांना वाळू १.०७ घनमीटरच धरलेली असते. बदलते ते फक्त सिमेंट. वाळूला प्रमाणाच्या आकड्याने भागा, सिमेंटचे घनफळ आले. त्याला १४४० ने गुणा, किलो आले. १४४० म्हणजे एक घनमीटर सिमेंटचे हिशेबात धरले जाणारे वजन. त्यानुसार ५० किलोची गोणी ०.०३४७ घनमीटर, म्हणजे जवळपास ३५ लिटर भरते.

एक घनमीटर ओल्या मालासाठी हे आकडे असे येतात:

| प्रमाण | वाळू (घनमीटर) | सिमेंट (किलो) | कोरडे घनफळ ओल्याच्या किती पट |
|---|---|---|---|
| १:३ | १.०७ | ५१४ | १.४३ |
| १:४ | १.०७ | ३८५ | १.३४ |
| १:५ | १.०७ | ३०८ | १.२८ |
| १:६ | १.०७ | २५७ | १.२५ |

शेवटचा रकाना नीट बघा. प्रसिद्ध १.३३ हा आकडा एकास चारला चपखल बसतो. एकास सहाला तो लावला तर माल जरा जास्त निघतो आणि एकास तीनला लावला तर सात टक्क्यांच्या आसपास कमी पडतो. कमी पडणे जास्त त्रासाचे, कारण एकास तीनचा माल बहुधा छत, बाथरूम किंवा टाकीसारख्या अशा ठिकाणी असतो जिथे काम मध्येच थांबवून चालत नाही. एकास दोनसारख्या तगड्या मालाला मात्र हा नियम लावू नका. तिथे लापशी इतकी जास्त होते की ती वाळूचे दाणे एकमेकांपासून दूर ढकलते, आणि वाळू एक घनमीटरच्याही खाली येते.

आणखी एक गफलत वरचेवर दिसते. काँक्रीटसाठीचा १.५४ हा गुणक गिलाव्याला लावला जातो. काँक्रीटमध्ये खडी असते, तिथली पोकळी वेगळी. एकास सहाच्या गिलाव्याला १.५४ लावले तर सिमेंट जवळपास पाव पट जास्त येते. ठेकेदाराने दिलेल्या अंदाजपत्रकात सिमेंट फारच जास्त वाटले, तर आधी हा गुणक तपासावा.

पायरी पहिली: क्षेत्रफळ

आपली खोली १२ फूट बाय १० फूट, उंची १० फूट. विटांच्या भिंती, वर स्लॅब. एक दरवाजा साडेतीन बाय सात, एक खिडकी चार बाय चार.

चार भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट. दरवाजाचे २४.५ आणि खिडकीचे १६ मिळून ४०.५ वजा. मग खिडकीच्या आतल्या चार बाजू, म्हणजे पाखे, अर्धा फूट खोल धरले तर ८ चौरस फूट, आणि दरवाजाच्या चौकटीबाहेर उरणारे पाखे साडेचार. ते मिळवले की ४१२ चौरस फूट. चौरस मीटरमध्ये करायला ०.०९२९ ने गुणा: ३८.३ चौरस मीटर. छत १२० चौरस फूट, म्हणजे ११.१५ चौरस मीटर.

इथे एक खुलासा हवा. मजुरीचे बिल करताना खिडक्या-दरवाजे वजा करण्याचे नियम वेगळे असतात. लहान उघडी जागा वजाच करत नाहीत, मध्यम आकाराची एकाच बाजूने वजा करतात, वगैरे. तो गवंड्याशी व्यवहार झाला. सामान मागवताना तो नियम लावू नका. जिथे माल लागणार तेवढेच क्षेत्रफळ धरा. दोन्ही हिशेब एकाच कागदावर लिहिले की हमखास गोंधळ होतो, म्हणून मी ते वेगळ्या पानांवर करायला सांगतो.

पायरी दुसरी: खरी जाडी

सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि इथेच लोक सगळ्यात कमी वेळ देतात. नकाशावर १२ मिमी लिहिलेले असते. भिंत मात्र तशी सपाट नसते. एखादी वीट पुढे आलेली, एखादा थर आत गेलेला, आणि भिंत वरून-खालून ओळंब्यात नसेल तर कोपऱ्यात दोन-अडीच सेंटिमीटर भरावे लागतात. सांधे खरवडून खोल केलेले असतील तर तिथेही माल जातो. म्हणूनच सरकारी हिशेबात १२ मिमी गिलाव्याच्या १० चौरस मीटरला ०.१२ नव्हे, तर ०.१४४ घनमीटर माल धरतात, म्हणजे २० टक्के जास्त.

भिंत अजून बघायला मिळाली नसेल, फक्त नकाशा हातात असेल, तर हे २० टक्के धरून चाला. भिंत उभी असेल तर अंदाज कशाला? मोजून घ्या. पद्धत साधी आहे. भिंतीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत खिळे ठोकून त्यांना दोरी ताणा आणि ओळंबा सोडून खालीही तशीच दोरी ताणा, म्हणजे दोन्ही दोऱ्या एका उभ्या पातळीत येतील. मधल्या उंचीवर तिसरी दोरी घ्या. भिंतीचा जो भाग सगळ्यात पुढे आलेला आहे तिथे दोरी १० मिमी अंतरावर येईल अशी पातळी सरकवा, कारण सगळ्यात पुढच्या विटेवरही किमान तेवढा गिलावा हवा. मग प्रत्येक दोरीवर तीन ठिकाणी, म्हणजे एकूण नऊ ठिकाणी दोरीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा.

आपल्या खोलीच्या एका लांब भिंतीवर मोजमापे आली अशी समजा: १०, १४, १८, १२, १५, २१, ११, १६, १८. बेरीज १३५, सरासरी १५ मिमी. नकाशावरच्या १२ पेक्षा पाव पट जास्त. बाकीच्या भिंतींचीही साधारण तीच गत असेल तर पूर्ण खोलीला १५ धरू.

मोजताना दोन गोष्टी कळतात ज्या अंदाजाने कळत नाहीत. एक, एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा खूपच मोठा आला, समजा ३०, तर तो खळगा आधी वेगळा भरून, सुकू देऊन, मग गिलावा करावा लागेल. एका थरात तेवढी जाडी लावली तर माल ओघळतो किंवा नंतर तिथेच तडकतो. दुसरे, एका बाजूने सगळे आकडे वाढत गेले, समजा १०, १५, २०, तर भिंत ओळंब्यात नाही. खाचखळग्यांसारखे हे सरासरीत विरून जात नाही, त्या कोपऱ्यात खरोखरच जाड थर द्यावा लागतो. अशा भिंतीला सामानाबरोबर मजुरीही जास्त लागते, हे आधीच बोलून घेतलेले बरे.

हलक्या वजनाच्या ब्लॉकची भिंत असेल तर आकडे खूपच कमी येतात, कारण ब्लॉक आकाराने सारखे आणि सांधे पातळ. तिथे विटांच्या भिंतीचे २० टक्के धरू नका.

आता ओले घनफळ. भिंती: ३८.३ गुणिले ०.०१५ म्हणजे ०.५७५ घनमीटर. जाडी मोजून घेतली असल्याने त्यात खळगे आलेच. पण सांध्यांत शिरणारा, थापी आणि रंध्यातून खाली पडणारा माल त्यात नाही. त्यासाठी १० टक्के धरले की ०.६३ घनमीटर. छताला ६ मिमी: ११.१५ गुणिले ०.००६ म्हणजे ०.०६७. स्लॅबला टाचे मारलेले असतात, शिवाय उलट्या दिशेने काम म्हणजे गळती जास्त, म्हणून २० टक्के धरून ०.०८ घनमीटर.

पायरी तिसरी: ओल्यावरून कोरडे

भिंतींना एकास सहा, छताला एकास चार घेऊ. छताला जास्त सिमेंट का, तर पातळ थर स्लॅबच्या गुळगुळीत पोटाला उलटा चिकटून राहायचा असतो.

भिंतींसाठी वाळू ०.६३ गुणिले १.०७, म्हणजे ०.६७४ घनमीटर. तिला सहाने भागले की सिमेंट ०.११२ घनमीटर, म्हणजे १६२ किलो, सव्वातीन गोण्या. हाच हिशेब १.३३ ने केला असता तर साडेतीन गोण्यांच्या जवळ आकडा गेला असता. एका खोलीत फरक पाव गोणीचा. तो मला फार महत्त्वाचा वाटत नाही. मात्र पूर्ण घरात तो दोन-तीन गोण्यांचा होतो, आणि मिस्त्रीने कमी सिमेंट घातले का, हे तपासताना चुकीचा आकडा हातात असेल तर उगाच भांडण होते.

छतासाठी वाळू ०.०८६ घनमीटर, सिमेंट तिच्या चौथ्या भागाइतके, म्हणजे सुमारे ३१ किलो.

एकूण सिमेंट १९३ किलो, चार गोण्या. कोरडी वाळू ०.७६ घनमीटर.

कोरडी या शब्दाखाली रेघ मारा. इथून पुढे सगळे त्याच्यावरच आहे.

पायरी चौथी: ओली वाळू फुगते

साइटवरची वाळू क्वचितच पूर्ण कोरडी असते. आतून गारवा असतो, पावसाळ्यात तर ओलीच. ओलाव्याचा पातळ थर प्रत्येक दाण्याभोवती बसतो आणि दाणे एकमेकांना दूर ठेवतो. त्यामुळे तीच वाळू जास्त जागा घेते. बारीक वाळू जास्त फुगते, भरड वाळू कमी. चार-पाच टक्के ओलावा असला तरी गिलाव्याच्या बारीक वाळूचे घनफळ पाव पटीने किंवा त्याहूनही जास्त वाढू शकते. गंमत म्हणजे वाळू पाण्यात पूर्ण बुडवली की फुगवटा नाहीसा होतो आणि ती पुन्हा कोरड्या वाळूएवढीच होते. त्याचाच उपयोग मोजणीला होतो.

एक सरळ उभ्या बाजूंचे काचेचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे भांडे घ्या. ढिगाच्या वरून नव्हे, आतून, हातभर खोलातून वाळू घ्या, कारण वरचा थर वाऱ्याने सुकलेला असतो. भांडे दोन-तृतीयांशापर्यंत सैल भरा, हलवू नका, दाबू नका. पट्टीने उंची मोजा. समजा २०० मिमी आली. मग वाळू दुसऱ्या भांड्यात काढा, पहिले भांडे अर्धे पाण्याने भरा आणि वाळू थोडी थोडी परत टाका. काडीने ढवळून हवेचे बुडबुडे निघू द्या. वाळू स्थिरावली की पुन्हा उंची मोजा. समजा १६० मिमी. फुगवटा म्हणजे ४० भागिले १६०, पंचवीस टक्के. भागताना १६० ने भागायचे, २०० ने नाही. ही चूक सहज होते आणि मग उत्तर वीस टक्के येते. त्याच भांड्यात वाळूवर मातीचा तपकिरी थर साचलेला दिसेल. तो जाड असेल तर हिशेब बाजूला ठेवून वाळू परत करायचा विचार करावा.

आपल्याला ०.७६ घनमीटर कोरडी वाळू हवी होती. ढिगातून मोजून घेताना ती १.२५ पट, म्हणजे ०.९५ घनमीटर घ्यायला हवी.

याकडे दुर्लक्ष केले तर काय होते ते नीट पाहा, कारण परिणाम अपेक्षेच्या उलट असतो. एकास सहा म्हणून गवंड्याने एका गोणीला सहा पेट्या ओली वाळू घातली. त्यात खरी वाळू फक्त ४.८ पेट्या. म्हणजे माल एकास सहा नव्हे, एकास पावणेपाचच्या आसपास झाला. भिंत कमकुवत झाली नाही, उलट जास्त तगडी झाली. पण एका गोणीतून माल कमी निघाला, आणि ज्या भिंतींना सव्वातीन गोण्या लागायच्या त्यांना चार लागल्या. मालकाला वाटते सिमेंट चोरीला गेले, मिस्त्री म्हणतो, ‘साहेब, तुमचा हिशेबच कमी होता.’ दोघेही खरे बोलत असतात. शिवाय जास्त सिमेंटचा जाड थर सुकताना जास्त आकसतो, आणि काही दिवसांनी गिलाव्यावर जाळ्यासारखे बारीक तडे दिसू लागतात. त्याचा दोष लोक पाणी कमी मारल्याला देतात. पाणी मारणे गरजेचे आहेच, पण कारण तेवढेच नसते.

उलट प्रकारही होतो. सकाळी उन्हात सुकलेली वाळू आणि दुपारी नवीन आलेल्या ट्रकमधली ओली वाळू, दोन्ही त्याच पेटीने घातल्या तर एकाच भिंतीवर दोन वेगळी प्रमाणे बसतात. नवा ट्रक आला की भांड्याची चाचणी पुन्हा करावी. पाच मिनिटांचे काम आहे.

पायरी पाचवी: चाळण आणि ब्रास

गिलाव्याची वाळू चाळावी लागते. नदीची असो की क्रशरची, भरड दाणे, खडे, शंखशिंपल्यांचे तुकडे चाळणीवर राहतात. किती राहतात हे वाळूवर अवलंबून आहे. एक घमेले चाळून बघा, किती मागे उरले ते मोजा. समजा आठ टक्के उरले. मग ०.९५ ला ०.९२ ने भागा: १.०३ घनमीटर. आठ टक्के मिळवून चालत नाही, कारण आपल्याला चाळल्यानंतर ०.९५ हवी आहे. या एका खोलीला फरक नगण्य, पण सवय चांगली. क्रशरची खास गिलाव्यासाठीची वाळू मागवली तर चाळण कमी निघते. मात्र त्यात धूळ जास्त असेल तर माल पाणी जास्त पितो आणि रंध्याखाली चिकट होतो.

महाराष्ट्रात वाळू ब्रासने मागवतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. आपली १.०३ घनमीटर म्हणजे ३६ घनफूट, साधारण ०.३६ ब्रास. एकट्या खोलीसाठी अर्धा ब्रास मागवावा लागेल. ट्रक आला की मोजणी वाळू उतरायच्या आधी. हौद्याची लांबी, रुंदी आणि वाळूची सरासरी उंची फुटांत घ्या, गुणा, शंभरने भागा. उंची मधल्या डोंगराला मोजली तर ब्रास जास्त दिसतो, म्हणून चार कोपरे आणि मध्य अशा पाच जागी सळई खुपसून सरासरी घ्या. वाटेत हादऱ्यांनी वाळू दबते, म्हणून निघताना मोजलेली आणि पोहोचल्यावर मोजलेली उंची जुळत नाही. त्यात लगेच लबाडी शोधू नये. मात्र ओलीचिंब गाडी आणून ब्रास भरून दाखवला तर फुगवटा तुमच्या खिशातून जातो. त्या गाडीची भांड्याची चाचणी करून भाव ठरवावा.

पायरी सहावी: पेटीने मोजून कालवणे

कागदावरचा हिशेब साइटवर टिकतो तो मोजमापाच्या पेटीमुळे. ४० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, २५ खोल अशी पेटी बनवून घ्या. ती बरोबर ३५ लिटरची, म्हणजे एका गोणीएवढी. सिमेंट पेटीत ओतू नका. गोणी फोडून ओतले की सिमेंट हवा पकडते आणि सैल होते, पेटीत कमी वजन बसते. सिमेंट नेहमी गोणीने, वाळू पेटीने.

आपल्या वाळूचा फुगवटा २५ टक्के, म्हणून एका गोणीला सहा नव्हे, साडेसात पेट्या. छताच्या एकास चारला पाच पेट्या. पेटी दाबून भरायची नाही, वर काठाशी फळी फिरवून सारखी करायची. पेटी नसेल आणि घमेल्यानेच काम चालणार असेल, तर आधी घमेले पेटीशी जुळवून घ्या: एक पेटी वाळू किती घमेल्यांत बसते ते मोजा आणि त्याच भरणीने पुढे चला. घमेल्यांचा आकार एकसारखा नसतो, त्यात शिगोशीग भरणारा एक आणि सपाट भरणारा दुसरा, म्हणजे झालेच. फावड्याने मोजणे तर सोडूनच द्या.

एका वेळी किती कालवायचे हेही हिशेबात धरा. पाणी घातलेला माल दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहून लवकर, संपला पाहिजे. एक गवंडी असेल तर पूर्ण गोणीऐवजी अर्ध्या गोणीचा माल कालवावा. कडक व्हायला लागलेल्या मालात पाणी घालून पुन्हा मऊ केला की सिमेंट तुम्ही पूर्ण दिलेले असते, पण भिंतीला तेवढी ताकद मिळत नाही. खाली पडलेला स्वच्छ माल लगेच उचलून वापरता येतो. धूळ-माती मिसळलेला किंवा उशिरा उचललेला टाकून द्यावा. वरचे १० टक्के त्यासाठीच धरलेत.

वाळूची स्वतःची चाचणी

१.०७ हा आकडा सर्वसाधारण वाळूसाठी आहे. तुमची वाळू खूप बारीक किंवा क्रशरची टोकदार असेल तर तो थोडा हलतो. मोठे काम असेल तर सुरुवातीलाच तपासून बघा. थोडी वाळू ताडपत्रीवर पूर्ण सुकवा. लिटरच्या मापाने सहा लिटर सैल भरून घ्या. सिमेंट एक लिटर म्हणजे १.४४ किलो, ते वजनाने घ्या. भिंतीवर लावण्याइतके पाणी घालून कालवा आणि खुणा असलेल्या बादलीत थापीने दाबत भरा. साडेपाच ते पावणेसहा लिटर भरला तर आकडा बरोबर. समजा सव्वापाचच भरला, तर सहाला सव्वापाचने भागा. १.१४ आले. मग त्या कामासाठी १.०७ च्या जागी १.१४ धरा आणि वरच्याच रीतीने सिमेंट काढा. पुस्तकातल्या कोणत्याही गुणकापेक्षा हा आकडा तुमच्या साइटसाठी जास्त भरवशाचा.

पहिल्या गोणीवरच तपासणी

काम सुरू झाल्यावर शेवटपर्यंत थांबायचे कारण नाही. एकास सहाची एक गोणी ५० भागिले २५७, म्हणजे ०.१९५ घनमीटर माल देते. आपली जाडी १५ मिमी अधिक १० टक्के गळती, म्हणजे साडेसोळा मिमी. ०.१९५ ला ०.०१६५ ने भागले की ११.८ चौरस मीटर, म्हणजे १२५ चौरस फुटांच्या जरा वर. पहिली गोणी संपली की तेवढी भिंत झाली का ते टेपने मोजा. दहा-पंधरा फूट इकडेतिकडे चालते.

शंभरच झाली, तर कारणे तीनच असतात आणि ती वेगळी ओळखता येतात. गिलावा ओला असतानाच चार-पाच ठिकाणी खिळा खुपसून जाडी बघा. सरासरी १८-२० आली तर भिंतीचाच दोष, दोरीची मोजणी त्या भागात कमी पडली. जाडी बरोबर असेल तर पेट्या मोजा: साडेसातऐवजी सहा घातल्या जात असतील तर माल तगडा बनतोय. दोन्ही ठीक असतील तर भिंतीच्या पायथ्याशी बघा, माल खाली किती पडलाय. जमिनीवर पोती किंवा पत्रा अंथरलेला नसेल तर पडलेला माल मातीत जातो आणि परत येत नाही.

दीडशे फूट झाली तर खूश होऊ नका. गिलावा कुठेतरी पाच-सहा मिमीवर आला असेल किंवा वाळू जास्त पडली असेल. दुसरी शंका असेल तर दोन-तीन दिवस पाणी मारल्यानंतर गिलाव्यावर खिळ्याने रेघ ओढा. पांढरी बारीक खूण उठली तर ठीक, रेघेतून वाळू भुरभुरली तर त्या गोणीचा भाग आत्ताच उतरवलेला परवडतो. पुट्टी आणि रंग चढल्यावर नाही.